लोखंडी कपाटात रोजचे कपडे डोळ्यांसमोर कसे राहतील?

प्रश्न: आमच्याकडे लग्नातलं लोखंडी कपाट आहे, साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. आत चार फळ्या आणि मधोमध लॉकर. माझे आणि मिस्टरांचे, दोघांचे कपडे त्यातच. थप्प्या नीट लावते, पण खालचा कुर्ता ओढला की सगळं अंगावर येतं, आणि मागे काय पडलंय ते महिनोन् महिने कळत नाही. दुसऱ्या कपाटाला घरात जागा नाही. आतून रॉड लावून घेऊ की डबे आणू?

उत्तर:

ताई, दोन्ही लागतील, पण आणायच्या आधी एक करून बघा. कपाट उघडा, समोर सरळ उभ्या राहा आणि मान न हलवता काय दिसतं ते बघा. छातीपासून डोळ्यांपर्यंतचं समोरून दिसतं. कमरेखालचं वरून दिसतं, म्हणजे थप्पी असेल तर फक्त सगळ्यात वरचा कपडा. आणि डोळ्यांच्या वरच्या फळीवरचं काहीच दिसत नाही, दिसते ती फळीची कड. कपाटाची मांडणी यावरूनच ठरते. समोरून दिसतं तिथे कपडे टांगायचे, वरून दिसतं तिथे उघड्या डब्यात उभे लावायचे, आणि जिथे दिसतच नाही तिथे रोजचं काहीही ठेवायचं नाही. मी कल्याणला लोखंडी कपाटांची कामं करतो, दुरुस्तीही आणि आतले बदलही, आणि 'कपाट लहान पडतं' म्हणून आलेल्या बहुतेक घरांत कपाट लहान नसतं, रोजचे कपडे चुकीच्या उंचीवर असतात.

तुमच्या कपाटाची गंमत अशी आहे की त्यातली सगळ्यात चांगली जागा, छातीच्या उंचीची, लॉकरने घेतली आहे. कारखान्यात लॉकर मध्ये बसवतात कारण उभ्याने किल्ली फिरवायला सोयीचं पडतं. पण लॉकर महिन्यातून दोनदा उघडतो आणि कुर्ता रोज लागतो. मग कुर्ते खाली जातात, शर्ट वर जातात आणि सोनं मात्र डोळ्यांसमोर बसतं.

दुसरी अडचण खोलीची. अशी कपाटं बाहेरून साधारण १९ इंच खोल असतात, आत १८ मिळतात. घडी केलेला कुर्ता ११-१२ इंचांचा. पुढे एक थप्पी लावली की मागे सहा इंच उरतात, आणि तिथे हळूहळू रुमाल, जुना टी-शर्ट, एखादी ओढणी सरकत जाते. मागे कळत नाही म्हणता ते हेच. चौदा इंच उंच कप्पा दिला की माणूस तो भरेपर्यंत थप्पी लावतो, हा स्वभाव आहे. मऊ कपड्यांची थप्पी सात-आठ इंचांपर्यंत उभी राहते. त्यापुढे ती पडायची वाटच बघत असते, खालचा कपडा ओढणं हे नुसतं निमित्त.

आता काम कसं करायचं ते मागच्या वर्षी डोंबिवलीला केलेल्या एका कपाटावरून सांगतो. मापं जवळजवळ तुमच्यासारखीच होती. नवराबायको दोघंही लोकलने नोकरीला जाणारे, सकाळी सातच्या आत दोघांना तयार व्हायचं, त्यामुळे कपडे शोधायला वेळ नाही आणि शोधले की भांडण.

सुरुवात मोजणीने केली, पण कपाट रिकामं करून नाही. सगळं पलंगावर काढलं की प्रत्येक कपडा 'हा पण लागतो' असं वाटायला लागतं. मी त्यांना सांगितलं, पंधरा दिवस वाळत घालायच्या दोरीवर काय येतं ते लिहा. जे दोरीवर येतं ते रोजचं. दारावर कागद चिकटवला आणि कपडे काढताना रेघा मारल्या. पंधरा दिवसांनी आकडा असा आला: कुर्ते ११, ओढण्या ६, लेगिंग आणि सलवारी ८, शर्ट १०, फॉर्मल पँटी ४, टी-शर्ट ९, जीन्स ३. एकूण ५१ नग, आतले कपडे आणि रुमाल सोडून. कपाटात नग होते दीडशेच्या वर. म्हणजे तिथल्या तीन कपड्यांतले दोन रोजच्या वाटेत नुसते उभे होते. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो दोरीवरून काढा, आठवून नको. आठवणीत आवडते कपडे येतात, अंगावर मात्र तेच तेच असतात.

मग आतलं माप घेतलं. बाहेरून ७८ इंच उंची, त्यात खालचे पाय आणि वरची पट्टी वजा जाता आत ७२ इंच. रुंदी आतून ३५. जमिनीपासून आतला तळ पाच इंच वर.

लॉकर आधी. त्याचं दार उघडून आत टॉर्च मारा आणि तळाशी व मागच्या पत्र्याला बोल्टची डोकी दिसतात का बघा. चार बोल्ट दिसले तर लॉकर सुटतो. नुसते वेल्डिंगचे ठिपके दिसले तर त्याला हात लावू नका, त्यावर वेगळा उपाय आहे, तो शेवटी सांगतो. डोंबिवलीला बोल्ट होते. लॉकर सोडवून तळाशी उजवीकडे ठेवला आणि तळाच्या पत्र्याला पुन्हा बोल्टने आवळला. नुसता ठेवायचा नाही, नाहीतर चोराला कपाट फोडायचीही गरज नाही, लॉकरच उचलून नेईल. लॉकर रिकामा करूनच हलवा आणि दोघांनी धरा. एकट्याने हलवताना बोट चेपलं की ते महिनाभर आठवण देतं, माझं दिलंय.

लॉकर खाली गेल्यावर चारपैकी दोनच फळ्या ठेवल्या. एक तळापासून १२ इंचांवर, म्हणजे लॉकरच्या डोक्यावर. दुसरी ६० इंचांवर. मधल्या दोन काढून माळ्यावर टाकल्या. भंगारात देऊ नका, उद्या घरात लहान मूल आलं की त्याच्या कपड्यांना त्या पुन्हा लागतात. फळ्या काढताना एक जपायचं. बहुतेक कपाटांत फळी बाजूच्या खाचांतल्या चार क्लिपांवर नुसती टेकलेली असते, खालून हाताने वर ठोकली की निघते. पण काहींत मधली एक फळी बाजूंना बोल्टने घट्ट असते आणि तीच कपाटाच्या दोन्ही बाजू धरून ठेवते. ती काढल्यावर पल्ले लावून हँडल फिरवून बघा. हँडल पूर्वीपेक्षा जड फिरत असेल किंवा पल्ल्यांमधली फट वर कमी आणि खाली जास्त दिसत असेल, तर ती फळी परत लावा आणि बाकीची मांडणी तिच्याभोवती करा. परत बसवताना चारही क्लिपा खाचेत पूर्ण शिरल्या आहेत ना, हे बोटाने चाचपून बघा. तीनच बसलेल्या असल्या तरी फळी दिसायला सरळ दिसते, आणि वजन पडलं की चौथ्या कोपऱ्यातून झुकते.

आता रॉड. तो वरच्या, ६० इंचांवरच्या फळीला खालून टांगायचा. बाजारात दोन भिंतींमध्ये फिरवून ताणून बसणारे रॉड मिळतात, ते लोखंडी कपाटात लावू नका. बाजूचा पत्रा पातळ असतो, रॉड जितका घट्ट बसवाल तितका तो बाहेर फुगतो. आठवड्याने रॉड सैल पडतो, मग पुन्हा फिरवता, पत्रा आणखी फुगतो, आणि एक दिवस पल्ला लागत नाही. पडद्याचा हलका रॉडही नको. एक इंची जाड स्टीलचा पाइप घ्या, आणि वरून टांगायचे दोन ब्रॅकेट. हे ब्रॅकेट फळीच्या मधोमध न लावता दोन्ही टोकांपासून तीन इंचांच्या आत लावा, म्हणजे कपड्यांचं वजन थेट कोपऱ्यातल्या क्लिपांवर जातं, फळीचं पोट खाली येत नाही. स्क्रू या पत्र्यात धरत नाही. आरपार भोक पाडून पाव इंची नट-बोल्ट घाला, वरच्या बाजूला मोठी वॉशर.

भोक पाडायला फळी बाहेर काढा. कपाटात लावलेली असतानाच ड्रिल चालवली तर लोखंडाचा बारीक कीस सगळ्या कोपऱ्यांत बसतो आणि पुढचे सहा महिने कुर्त्यांत टोचतो. कीस चुंबकाने गोळा करा, झाडू पुरत नाही. आणि भोकाच्या कडेला रंग उडालेला असतो, तिथे थोडा ऑइलपेंट लावा. घरात नसेल तर नेलपॉलिशचे दोन हात द्या, चालतं. हे सोडलं तर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो, आणि त्याचा तांबूस डाग पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर उतरतो. तो धुऊन जात नाही.

रॉड पुढे-मागे कुठे, यावर बरीच कामं बिघडतात. आत १८ इंच असले तरी बंद पल्ल्याच्या आतल्या बाजूला कुलपाच्या पट्ट्या आणि पत्र्याची घडी असते, ती साधारण इंचभर खाते. हातात उरतात १७. बाजारातला नेहमीचा पुरुषी हँगर १७ ते १८ इंचांचा असतो, म्हणजे तो अडकणारच. १५-१६ इंचांचे हँगर मिळतात, तेच घ्या, आणि रॉड मागच्या पत्र्यापासून साडेआठ इंचांवर ठेवा. तरी खात्री करायची असेल तर मी करतो ते करा: हँगरच्या पुढच्या टोकाला खडू घासा, त्यावर जाडसर शर्ट न घालता नुसता हँगर टांगा, पल्ले लावा, हँडल फिरवा आणि उघडा. पल्ल्यावर खडूची रेघ उमटली तर रॉड अर्धा इंच मागे घ्या. डोंबिवलीला पहिल्या फेरीत डाव्या पल्ल्यावर रेघ आली होती, उजव्यावर नाही, कारण डाव्या पल्ल्याच्या आत आरशाच्या स्क्रूंची टोकं होती. टेपने मोजून हे कधीच कळलं नसतं. म्हणूनच ब्रॅकेटसाठी भोक पाडायच्या आधी रॉड चिकटपट्टीने फळीला बांधून ही परीक्षा घेतो.

आता उंचीचा हिशोब, तो एकदा समजला की बाकी सोपं आहे. फळी ६० इंचांवर, रॉड तिच्या खाली दोन इंच, म्हणजे ५८ वर. दोन इंच एवढ्यासाठी की हँगरचा आकडा वर उचलून काढायला जागा हवी. खालची फळी १२ वर. मध्ये मिळाले ४६ इंच. बाईंचे कुर्ते बेचाळीस इंच लांबीचे, हँगरच्या आकड्याचे तीन, झाले ४५. एक इंच राखून कुर्ता पूर्ण लांबीने टांगला. शर्टाचे मात्र ३१ आणि तीन, म्हणजे ३४. शर्टांच्या खाली १२ इंच मोकळे राहिले, आणि तेच डब्यांचं घर झालं. पँट आडव्या दांडीवर घडी घालून टांगली की पंचवीस-सव्वीस इंचच उतरते, तीही याच बाजूला. म्हणजे रॉड एकच, पण अर्ध्या भागात लांब कपडे आणि अर्ध्यात आखूड, आखूडाखाली डबे.

रुंदीत किती मावतं? पातळ हँगरवर एका कपड्याला सव्वा इंच धरा. अकरा कुर्त्यांना १४ इंच, दहा शर्टांना साडेबारा, चार पँटींना पाच. एकूण साडेएकतीस. रॉड ३५ चा, उरले साडेतीन इंच. हे उरलेले भरायचे नाहीत. हँगर बाजूला सरकवून मधला कपडा बघायला चार बोटांची फट लागते, ती गेली की टांगलेले कपडेही थप्पीसारखेच वागायला लागतात, नुसते आडवे. जाड लाकडी हँगर दिसायला छान, पण ते एकेक दीड-दोन इंच खातात. या कपाटात ती चैन परवडत नाही.

जीन्स मात्र टांगू नका. एक जीन्स सहा-सातशे ग्रॅम भरते, कुर्ता हँगरसकट तीनशेच्या आसपास. वर सांगितलेले पंचवीस नग आठ-नऊ किलो होतात, तेवढं ही फळी आणि पाइप सहज पेलतात. त्यात जीन्स, जॅकेट, ओल्यासारखे टॉवेल घालायला लागलात की बिघडतं. रॉड वाकायला लागलाय हे कसं ओळखायचं? हँगर आपोआप मध्याकडे घसरत येतात. टोकाला लावलेला शर्ट संध्याकाळी चार बोटं आत दिसला की समजायचं वजन जास्त झालं.

ओढणीचं एक सांगतो, कारण कपाटातला अर्धा गोंधळ ओढण्यांचा असतो. ती ज्या कुर्त्याची आहे त्याच्याच हँगरच्या दांडीवर टाका, कुर्त्याच्या आत. वेगळी ठेवलीत की ती सकाळी सापडत नाही. जॉर्जेटचे निसटते कुर्ते हँगरवरून घसरतात, त्यासाठी लोक टोकांना रबरबँड लावतात. उन्हाळ्यात रबर चिकट होऊन खांद्याला डाग पडतो. जुन्या सुती साडीची बोटभर रुंद चिंधी दोन्ही टोकांना चार वेढे गुंडाळून गाठ मारा. रबरापेक्षा चांगलं धरते आणि काही डागाळत नाही.

डबे. शर्टांखालच्या जागेत साधारण साडेसतरा इंच रुंदी मिळते, त्यात आठ इंच रुंद, सोळा इंच खोल आणि नऊ इंच उंच असे दोन डबे बसले. तीन इंच वर हात घालायला मोकळे. डबा घेताना तीन गोष्टी बघा. झाकण नको. झाकण असलेला डबा म्हणजे छोटी पेटीच, तिच्यात गेलेलं पुन्हा दिसत नाही. दुसरं, डबा कपाटाच्या खोलीइतका लांब हवा. बारा इंचांचा घेतलात तर मागे पुन्हा तीच सहा इंचांची विहीर तयार होते. तिसरं, प्लॅस्टिकच्या टोपल्या खाली निमुळत्या असतात, वरून आठ इंच आणि तळाला साडेसहा. कपडा उभा राहतो तो तळावर, म्हणून तळ मोजा. मापाचा डबा मिळत नसेल तर भाजीवाल्यांकडे सरळ बाजूंचे क्रेट असतात तसे पण लहान आकाराचे जाळीचे ट्रे भांड्यांच्या बाजारात मिळतात, ते बरे. पुढच्या बाजूला बोट घालायला भोक असलेले बघा, कारण हा डबा ओढून बाहेर घ्यायचा असतो. पत्र्यावर प्लॅस्टिक खरखरतं आणि रंग खरवडतं, म्हणून तळाला चारी कोपऱ्यांत फेल्टचे तुकडे चिकटवा. फळीवर वर्तमानपत्र अंथरायची आपली सवय आहे, ती इथे सोडा. शाई पांढऱ्या बनियनला लागते आणि पावसाळ्यात कागद ओल धरून ठेवतो. खाकी कागद चालेल.

या डब्यांत कपडे उभे लावायचे, वहीच्या कपाटातल्या वह्यांसारखे. टी-शर्ट पालथा पसरा, दोन्ही बाजू बाह्यांसकट आत घेऊन सात इंचांची पट्टी करा. गळ्याकडून खाली एक घडी घाला, मग ती पट्टी तीनात दुमडा. हातात सात इंच रुंद आणि पाचेक इंच उंच असं घट्ट पुडकं आलं पाहिजे. ते टेबलावर उभं करून सोडून द्या. स्वतः उभं राहिलं तर घडी बरोबर, लोळलं तर सैल आहे. डबा बाहेर ओढला की वरून नऊच्या नऊ टी-शर्टच्या कडा दिसतात आणि एक काढला तर बाकीचे हलत नाहीत. लेगिंग दुसऱ्या डब्यात तशाच. एकच त्रास होतो: निम्मे कपडे धुवायला गेले की उरलेले आडवे पडतात आणि मग कोणी तसेच वर कपडे टाकत जातं. त्यासाठी पुठ्ठ्याचा एक आडवा तुकडा डब्याच्या रुंदीचा कापून ठेवा, कपडे कमी झाले की तो पुढे सरकवून टेकू द्या. बुटाच्या खोक्याचं झाकण यासाठी अगदी बेताचं असतं.

लॉकरशेजारी तळाला साडेसतरा इंचांची जागा राहिली, तिथे एक मोठा डबा, त्यात एका बाजूला जीन्स आणि दुसऱ्या बाजूला आतले कपडे व रुमाल, मध्ये पुठ्ठा. जमिनीलगतची जागा असल्याने वाकावं लागतं, पण डबा ओढला की वरून सगळं दिसतं. पूर्वी तिथे चादरी होत्या. त्या दिवाणात गेल्या, कपाटात त्यांचं काही काम नव्हतं.

वरच्या फळीवर, ६० च्या वर, बारा इंच राहतात. तिथे रेशमी साड्या सुती पिशवीत, स्वेटर, शेरवानी, 'बारीक झाल्यावर घालीन' वाले कपडे. इथे झाकण, पिशवी, चेन काहीही चालेल, पण समोर दिसेल अशी चिठ्ठी लावा, कारण इथे नजर आत जात नाही. साडी रोज नेसत असाल तर मात्र हा नियम उलटा होतो. मग नेहमीच्या पाच-सहा साड्या लांब चौघडी करून हँगरच्या दांडीवर टाका, त्या आखूडच उतरतात, शर्टांच्या बाजूला बसतील. एका साडीला दीड इंच धरा.

कोणाचे कपडे कुठल्या बाजूला, हे पल्ल्यावर ठरवा. लोखंडी कपाटात हँडलचा पल्ला आधी उघडतो, दुसरा नंतर, आणि घाईत माणूस दुसरा उघडतच नाही. डोंबिवलीला दुसऱ्या पल्ल्यासमोर पलंगाची कड होती, तो अर्धाच उघडायचा. आम्ही शर्ट आणि डबे हँडलच्या बाजूला घेतले, कारण ओढायचा डबा अर्धवट उघडलेल्या पल्ल्यातून बाहेर येत नाही. टांगलेला कुर्ता हाताने वळवून काढता येतो. तुमच्याकडे पलंग कुठे आहे ते मला माहीत नाही, पण डबे नेहमी पूर्ण उघडणाऱ्या पल्ल्यामागेच ठेवा.

एकदा घातलेला, धुवायला न टाकलेला कपडा हा वेगळाच जीव आहे. तो घामाचा असतो म्हणून कपाटात नको, आणि बाहेर ठेवला की खुर्चीवर डोंगर होतो. त्यासाठी पल्ल्याच्या आतून हुक लावायचा मोह होईल. लावू नका, १७ इंचांत तो हँगरला अडतो, खडूची परीक्षा पुन्हा नापास. खोलीच्या दारामागे चार खुंट्या लावा, चारच. पाचवा कपडा आला की एक धुवायला जातो.

आता वेल्ड केलेल्या लॉकरचं. लॉकर मधोमधच राहणार असेल तर त्याच्या वर साधारण अठ्ठावीस-तीस इंच मिळतात. त्यात पूर्ण लांबीचा कुर्ता बसत नाही, शर्टही टेकतो. पण कुर्ता मधोमध दुमडून हँगरच्या दांडीवर टाकला की तो एकवीस इंच, वर हँगरचे पाच, असा सव्वीसात बसतो. म्हणजे लॉकरच्या वरची फळी काढून टाका, रॉड कपाटाच्या छताखाली येईल. छताच्या पत्र्याला थेट भोक पाडू नका, तिथे धूळ आणि पाणी शिरतं. काढलेलीच फळी सगळ्यात वरच्या खाचेत लावा आणि तिला रॉड टांगा. सगळं दांडीवर घडी घालून: कुर्ते, शर्ट, पँटी. शर्टाच्या पोटाला आडवी घडी पडते, ती पँटीत खोचल्यावर दिसत नाही. लॉकरच्या खाली मग दोन फळ्यांवर दोन रांगांत डबे. या मांडणीत वरचं, क्वचित लागणारं सामान ठेवायला जागाच उरत नाही, ते माळ्यावर किंवा दिवाणात न्यावं लागेल. रॉडही साधारण जमिनीपासून सहा फुटांवर जातो. तुमची उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर हँगरचा आकडा गाठायला टाचा उंच कराव्या लागतील. तसं असेल तर शर्ट-पँटी रॉडवर जाऊ द्यात, तुमचे कुर्ते उभ्या घडीने लॉकरखालच्या पहिल्या डब्यात घ्या. कुर्त्यासाठी डबा नऊऐवजी अकरा इंच उंच लागेल, फळी त्या हिशोबाने एक खाच खाली लावा.